लॅटेक्स-फ्री : हो

आई गेली त्या वर्षी मी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, सर्जिकल वस्तूंच्या एका वितरकाकडे कामाला होते. अजूनही तिथेच आहे. हातमोजे, सलाइनचे सेट, सुया, पट्ट्या, लघवीच्या नळ्या अशा वस्तू आम्ही वीस-पंचवीस कारखान्यांकडून घेतो आणि पालघर जिल्ह्यातल्या छोट्या-मोठ्या दवाखान्यांना पोचवतो. माझं शिक्षण डी. फार्मचं. आधी मी आगाशीला एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. आईने अंथरूण धरल्यावर ठरावीक वेळेची नोकरी हवी म्हणून इकडे आले.

आईला अर्धांगवायू झाला होता. ती सहा वर्षं अंथरुणावर होती. वटारच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचा पलंग होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी तिला बोलता यायचं. पहिली दोन वर्षं ती बोलत होती, नंतर बोलणंही गेलं. दिवसा शेजारची मावशी बसायची, सकाळ-संध्याकाळ मी. पाऊस संपत आला असताना एका सकाळी आई गेली. तेराव्या दिवसापर्यंत घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी मी कामावर गेले.

लोकांना वाटलं मी धीराची आहे. तसं काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. भूक लागली की जेवायची, झोप आली की झोपायची. स्कूटर चालवताना गास गाव कधी गेलं, नालासोपारा कधी गेलं, ते ऑफिसच्या दाराशी पोचल्यावर आठवायचं नाही. मावशी एकदा म्हणाली, "रड ना गं बाय जरा. डोल्यातलं पानी आतच ठेवलं तर माणूस सुकतो." मी मान हलवली. रडायला बसले असते तरी आलं नसतं.

त्याच सुमारास ऑफिसचं काम बदललं होतं.

आधी आम्ही चौघी बायका कॅटलॉग भरायचो. कारखानदार त्यांच्या मालाची माहिती पाठवायचे, कुणी एक्सेलमध्ये, कुणी पीडीएफमध्ये, कुणी सरळ व्हॉट्सॲपवर. एकच वस्तू दहा जण दहा तऱ्हांनी लिहायचे. आम्ही ते वाचून रकाने भरायचो: प्रकार, आकार, पदार्थ, निर्जंतुक आहे का, कोणत्या पद्धतीने. दवाखान्यातली सिस्टर आमच्या साइटवर "सोळा नंबर, निर्जंतुक" असं निवडते तेव्हा समोर नेमक्या त्याच वस्तू याव्यात, यासाठी ते रकाने. माल वाढला तसं आमच्याने उरकेना. मग सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, विरारची एक इंजिनिअर मुलगी नेमली. वय सव्वीस. तिने हे काम भाषेच्या मॉडेलकडून, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयकडून, करून घ्यायची व्यवस्था बसवली. चौघींपैकी दोघी विक्रीच्या फोनवर गेल्या, एकीने लग्नानंतर काम सोडलं, आणि तपासणीला मी उरले.

पहिल्या दिवशी तिने मला सगळं समजावून सांगितलं. बोलताना ती हातवारे फार करायची.

"ताई, बघा, मॉडेलला आपण कारखान्याचा मजकूर देतो आणि सोबत एक साचा देतो. साच्यात रकाने ठरलेले. प्रत्येक रकान्यात काय बसेल तेपण फिक्स. आकार म्हणजे आकडाच. पदार्थ म्हणजे या यादीतलाच एक शब्द. हा कडक मोड आहे, साच्याबाहेरचं अक्षरपण ते लिहू शकत नाही."

"आणि आत चुकीचं लिहिलं तर?"

"त्यासाठी पुढे चाळणी आहे. नळीचा नंबर सहाच्या खाली किंवा तिसाच्या वर आला तर अडकणार. निर्जंतुक 'हो' असेल आणि पद्धतीचा रकाना रिकामा, तरी अडकणार. अडकलं की काय चुकलं ते सांगून मॉडेलला परत एक चान्स देतो. परत अडकलं की तुमच्याकडे."

म्हणजे अडकलेलं माझ्याकडे यायचं. शिवाय जे पास झालंय त्यातलंही थोडंसं, नमुना म्हणून. पडद्यावर डावीकडे कारखान्याचा मूळ मजकूर, उजवीकडे भरलेले रकाने आणि खाली तीन बटणं: बरोबर, चूक, शंका. 'चूक' दाबलं की एक चौकोन उघडायचा आणि कारण लिहावं लागायचं. मी 'बरोबर' म्हटलेल्या नोंदी ती एका वेगळ्या फायलीत जमवायची. त्या फायलीला ती उत्तरपत्रिका म्हणायची. मॉडेलला द्यायच्या सूचनांमध्ये काही बदल केला की त्याच वस्तू पुन्हा मॉडेलकडून भरून घ्यायची आणि उत्तरपत्रिकेशी ताडून पाहायची. बदलाने काम सुधारलं की बिघडलं, ते तिला त्यावरून कळायचं. माझ्या बटणाला एवढं वजन आहे हे तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

आई गेल्यावर महिन्याभरात ती नोंद समोर आली. डावीकडे एवढंच होतं: सिलिकोनाइज्ड फोली, टू वे, सोळा नंबर, तीस एमएल बलून, ईओ स्टराइल. उजवीकडे सगळे रकाने हिरवे. आकार सोळा. बलून तीस. निर्जंतुक हो, पद्धत ईओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू. पदार्थ सिलिकॉन. लॅटेक्स-फ्री हो.

फोली म्हणजे लघवीसाठी आत बसवून ठेवायची नळी, टोकाचा बलून फुगवला की ती निसटत नाही. आईला ती सहा वर्षं होती. दर काही आठवड्यांनी सिस्टर घरी येऊन बदलायची, मी पाकीट उघडून हातात द्यायची. सिलिकोनाइज्ड म्हणजे काय, हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या नळीवर सिलिकॉनचा नुसता लेप असतो. आतली नळी लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची असते. रंग पिवळसर तपकिरी, बोटांत दाबली की रबरासारखी लवते. पूर्ण सिलिकॉनची नळी वेगळी. ती पारदर्शक असते आणि तिच्यावर 'शंभर टक्के सिलिकॉन' असं मुद्दाम लिहिलेलं असतं.

म्हणजे दोन्ही रकाने चूक होते. आणि दोन चुका एकमेकींना धरून उभ्या होत्या. चाळणीत नियम असा होता की पदार्थ लॅटेक्स असेल तर लॅटेक्स-फ्री 'हो' चालणार नाही. इथे पदार्थच सिलिकॉन लिहिला होता, मग चाळणीला हरकत घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मला हे सगळं दिसलं. नंतर मी स्वतःला बऱ्याचदा विचारून पाहिलं की नजरेतून सुटलं होतं का. सुटलं नव्हतं. मी ती ओळ वाचली, ती नळी माझ्या डोळ्यांसमोर आली, पलंगाच्या कडेला अडकवलेल्या पिशवीसकट आली. 'चूक' दाबलं तर चौकोन उघडेल आणि त्यात लिहावं लागेल की ही नळी कशी असते. माझा हात माउसवर होता. मी 'बरोबर' दाबलं. पुढची नोंद आली. ती हातमोज्यांची होती.

त्या आठवड्यात अशाच आणखी सहा आल्या. वेगवेगळ्या नंबरांच्या, त्याच कारखान्याच्या. सहाही मी पास केल्या. पहिल्या वेळी निदान थांबले तरी होते. नंतर थांबलेही नाही.

दोन आठवड्यांनी इंजिनिअर मुलगी माझ्या टेबलापाशी आली. हातात लॅपटॉप उघडाच होता.

"ताई, जरा एक बघा ना. दुसऱ्या एका कारखान्याच्या मजकुरात मला 'लॅटेक्स, सिलिकॉन कोटेड' असं दिसलं. म्हणून मी सूचनेत टाकलं की लेप म्हणजे पदार्थ नाही. आता मॉडेल या सात नळ्यांना लॅटेक्स म्हणतंय. पण उत्तरपत्रिकेत तुम्ही सिलिकॉन बरोबर केलंय."

मी पडद्याकडे पाहिलं. सात ओळी होत्या, सातही लाल.

"तुम्ही चेक केलंय ना हे?" तिने विचारलं. "तुम्हाला यातलं कळतं. मला फक्त गुगल."

"हो," मी म्हटलं. "केलंय."

"मग माझंच चुकलं. बदल मागे घेते."

ती गेली. तिचं बरोबर होतं. मॉडेलनेही या वेळी बरोबर ओळखलं होतं. माझ्या एका 'हो'ने दोघंही चूक ठरली. त्या क्षणी लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. वाटली नाही. चहा आला होता, तो मी प्यायले.

आगाशीच्या एका लहान हॉस्पिटलातून फोन आला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी. विक्रीवाल्या बाईंनी तो 'कॅटलॉगचं काम आहे' म्हणून माझ्याकडे जोडला. बोलणारी तिथली मोठी सिस्टर होती.

"तुमच्या साइटवर मी लॅटेक्स-फ्री निवडलं आणि या नळ्या मागवल्या," ती म्हणाली. "सोळा नंबर. बरोबर?"

"हो."

"खोक्यावर लॅटेक्सचं चिन्ह आहे. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, नैसर्गिक रबर लॅटेक्सपासून बनवलेलं. हे काय आहे?"

मी साइटवर ती नोंद उघडली. लॅटेक्स-फ्री, हो.

"माझ्याकडे एक पेशंट आहे. जन्मापासून मणक्याचा आजार. लहानपणापासून ऑपरेशनं, नळ्या, त्यातून तिला लॅटेक्सची ॲलर्जी झालीय. साधी नाही, श्वास बंद होणारी. तिच्यासाठी मागवल्या होत्या. तिच्या वडिलांनी खोकं हातात घेऊन वाचलं. ते प्रत्येक वेळी वाचतात. त्यांनी वाचलं नसतं तर मी वाचलं असतं, असं मला म्हणायचंय. पण खरं सांगू का, तुमच्या साइटवर लिहिलेलं होतं म्हणून मी वाचलं नव्हतं."

"पेशंट कशी आहे?"

"ठीक आहे. पाकीट फोडलंच नाही."

मी तिचा नंबर लिहून घेतला, माल आजच परत नेतो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. हात थंड पडले होते. पण हे मला बाहेरून कळत होतं, दुसऱ्या कुणाच्या हाताला आपला हात लागावा तसं.

मी उठून इंजिनिअर मुलीकडे गेले. ती जेवणाचा डबा उघडत होती.

"त्या सात नळ्या," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं."

"कुठल्या सात?"

"सिलिकोनाइज्ड. त्या लॅटेक्सच्याच असतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तरी बरोबर दाबलं. तू विचारायला आलीस तेव्हाही माहीत होतं."

तिने डब्याचं झाकण परत लावलं. "का पण?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. याहून खरं उत्तर तेव्हा माझ्यापाशी नव्हतं. आजही फारसं नाही.

मग मी तिला फोनबद्दल सांगितलं. ती उठली आणि दोन मिनिटांत तिने त्या सातही वस्तू साइटवरून उतरवल्या. मग म्हणाली, "सरांना दोघी जाऊन सांगू." मी म्हटलं, "तुझं काय आहे त्यात?" ती म्हणाली, "साचा माझा आहे ना."

सर पन्नाशीचे, मूळ वसई गावातले. रागावले की त्यांचा आवाज खाली जातो. तो इतका खाली गेला की आम्हाला पुढे झुकून ऐकावं लागलं. त्यांनी एकच विचारलं, "कुणाकुणाला गेल्यात?" यादी काढली. हॉस्पिटल धरून अकरा ठिकाणं होती. उरलेल्या दहांना मी फोन केले. हे काम त्यांनी मला दिलं नाही, मीच मागून घेतलं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य बोलले: आमच्या साइटवर चुकीची माहिती होती, ही नळी लॅटेक्सची आहे, वापरली असेल तर पेशंटवर लक्ष ठेवा, माल परत घेतो. बऱ्याच जणांना फरक पडला नाही, त्यांनी नळी लॅटेक्सचीच धरली होती. नालासोपाऱ्याच्या एका डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना ती बसवली होती, पण त्यांना ॲलर्जी नव्हती. डॉक्टर मला बरंच बोलले. मी ऐकून घेतलं आणि यादीत त्यांच्यापुढे खूण केली. कुणाला काही झालं नव्हतं.

आगाशीचा माल आणायला मी स्वतः गेले. टेम्पोवाला जाणारच होता, मी त्याच्या शेजारी बसले. सिस्टरने खोकी तयार ठेवली होती. तिने कागदावर माझी सही घेतली. मी निघणार तेवढ्यात तिने बाकावर बसलेल्या एका माणसाकडे बोट केलं. "हे तिचे वडील."

ते अर्नाळ्याचे कोळी होते. साठीच्या आसपासचे. मांडीवर पिशवी, पिशवीत मुलीचे कपडे. आत मुलीला तपासत होते. मी जाऊन समोर उभी राहिले आणि मी कुठून आले ते सांगितलं.

"तुमी ते लिवता?" त्यांनी विचारलं.

"मशीन लिहितं. मी तपासते. ते चुकीचं आहे हे मला दिसलं होतं. मी तरी सोडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं असेल.

"आमी कोनाचंच लिवलेलं मानत नाय," ते म्हणाले. "डॉक्टरचं नाय, दुकानदाराचं नाय. मला इंग्रजी येत नाय, पन ती खूण येते. पोरीनंच शिकवली." त्यांनी पिशवीवर बोटाने एक चौकोन काढला आणि त्यात अक्षरं असल्यासारख्या रेघा ओढल्या. "खूण दिसली की परत द्यायचा. नाय दिसली तरी इचारायचा."

"हो."

"तुमाला मायती हुता, मंग का सोडला?"

दुसऱ्यांदा कुणीतरी तेच विचारत होतं. "माझी आई गेली," मी म्हटलं. ते कारण नव्हतं. तसं मी म्हणालेही. "ते कारण नाही. पण तेव्हापासून मला काही..."

आतून मुलीचा आवाज आला, कुणाला तरी ठणकावून सांगत होती की हातमोजे बदला, हे चालणार नाहीत. त्यांनी त्या दिशेला मान वळवली. मग मला म्हणाले, "आता बरोबर करा. जावा." त्यात माफी नव्हती आणि शिव्याही नव्हत्या. मी टेम्पोत येऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि इंजिनिअर मुलगी साचा पुन्हा करायला बसलो. तिने टेबलाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची ओढून माझ्या बाजूला घेतली.

पहिली गोष्ट तिनेच सांगितली. "लॅटेक्स-फ्रीला मी हो किंवा नाही, दोनच ठेवले होते. रकाना भरणं सक्तीचं. मजकुरात लॅटेक्सचा शब्दच नसेल तर ते बिचारं काय करणार? दोनातलं एक काहीतरी लिहिणारच. मीच त्याला अंदाज करायला लावलं."

आता तिसरा पर्याय आला: 'मजकुरात उल्लेख नाही'. पदार्थाचा एक रकाना होता त्याचे दोन केले, नळी कशाची आणि लेप कशाचा. लेप नसेल तर 'नाही', माहीत नसेल तर 'उल्लेख नाही'. दोन्ही रकाने भरणं सक्तीचंच राहिलं, पण आता न कळल्याचं खरं उत्तरही साच्यात बसत होतं.

मग ती म्हणाली, "आणि पुरावा मागू. उत्तराच्या आधी मूळ मजकुरातले शब्द जसेच्या तसे उतरवायला लावू. ते शब्द खरंच मजकुरात आहेत का, ते प्रोग्राम बघेल. मनाचे शब्द घातले की अडकेल."

मी त्या जुन्या नोंदीचा विचार केला. "मग ते 'सिलिकोनाइज्ड' हाच शब्द पुरावा म्हणून उतरवेल," मी म्हटलं. "तो मजकुरात आहेच. तुझा प्रोग्राम पास करेल."

ती थांबली. "अरे, हो."

"शब्द आहे म्हणजे अर्थ तोच आहे असं नाही."

"मग?"

मग आम्ही नियम केला. लॅटेक्स-फ्री 'हो' फक्त तेव्हाच पास होईल, जेव्हा पुराव्यात 'लॅटेक्स-फ्री' किंवा 'शंभर टक्के सिलिकॉन' असे ठरावीक शब्द असतील. ते शब्द कोणते, याची यादी मी करायची. 'सिलिकोनाइज्ड', 'सिलिकॉन कोटेड', 'सिलिकॉन ट्रीटेड' हे त्या यादीत नाहीत. 'हो' आलं आणि यादीतला शब्द सापडला नाही तर ती नोंद थेट माझ्याकडे. मॉडेलला दुसरा चान्सही नाही, कारण ते काय अडलंय हे बघून हवं तसं उत्तर बदलून देतं, असं ती म्हणाली.

ती यादी करताना मला आईची नळी पुन्हा पुन्हा आठवावी लागली. पाकिटावर काय छापलेलं असायचं, सिस्टर कोणती चालेल म्हणायची, कोणती नको म्हणायची. मी सांगत होते आणि ती टाइप करत होती. मध्येच तिने विचारलं, "हे सगळं तुम्हाला तोंडपाठ कसं?" मी म्हटलं, "सहा वर्षं." ती टाइप करत राहिली.

उत्तरपत्रिका मात्र मी एकटीने तपासली. आई गेल्यापासून मी 'बरोबर' म्हटलेली एकूण एक नोंद पुन्हा उघडली. मजकूर वाचायचा, रकाने झाकायचे, आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग ताडायचं. नऊ दिवस लागले. त्या सात सोडून आणखी चौदा चुका सापडल्या. एकीत हातमोज्यांना पावडर-फ्री लिहिलं होतं आणि मजकुरात पावडरचा उल्लेखच नव्हता. एकीत इंचाचं सेंटिमीटर झालं होतं. प्रत्येक वेळी 'चूक' दाबलं, चौकोन उघडला, कारण लिहिलं. सुरुवातीला दोन शब्द लिहायची. नंतर वाक्यं व्हायला लागली.

नवा साचा लावल्यावर साइट उघडी-बोडकी दिसायला लागली. लॅटेक्स-फ्री निवडलं की आधी पानंच्या पानं माल दिसायचा, आता एका पानात संपत होता. बाकी सगळीकडे 'उल्लेख नाही'. सरांनी आम्हाला बोलावलं.

"हे काय दिसतंय? गिऱ्हाईक म्हणेल यांच्याकडे काही माहितीच नाही."

"नाहीच आहे, सर," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "आधीपण नव्हती. फक्त दिसत नव्हतं."

सरांचा आवाज खाली गेला. "मग आणायची कुठून?"

"खोक्यांवर आहे," मी म्हटलं.

म्हणून मी गोदामात गेले. आमचं गोदाम ऑफिसच्या मागेच आहे, पत्र्याच्या छताचं. तिथे माल लावायला सातिवलीची एक बाई असते, माझ्याच वयाची. ती खोकं उतरवायची, मी फिरवून सहाही बाजू बघायची, चिन्ह शोधायची, मागचं बारीक छापलेलं वाचायची आणि फोटो काढायची. फोटो पुरावा म्हणून नोंदीला जोडायचा, अशी सोय केली होती. ज्या खोक्यावर काहीच नसेल त्यासाठी कारखान्याला पत्र. काही कारखान्यांनी उत्तर दिलं, काहींनी आजतागायत दिलेलं नाही. त्यांचा रकाना 'उल्लेख नाही' असाच आहे.

दोन-तीन दिवस ती बाई नुसती बघत होती. मग एकदा म्हणाली, "कसली खूण शोधता, मला दाखवा. मी उतरवतानाच बघेन." मी दाखवली. त्यानंतर ती खोकं खाली ठेवायच्या आधीच ओरडायची, "आहे!" किंवा "नाय!" माझं काम निम्म्यावर आलं.

आगाशीच्या सिस्टरने दोन महिने आमच्याकडून काही मागवलं नाही. नंतर मागवलं. ऑर्डरच्या खाली एक ओळ लिहिली होती: खोक्याचा फोटो आधी पाठवा. मी पाठवला. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरला पाठवते, तिने न सांगताही. त्या मुलीबद्दल मी एकदा विचारलं होतं. सिस्टरने "बरी आहे" एवढंच लिहिलं.

माझी नोकरी गेली नाही. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. इंजिनिअर मुलीने माझ्यावर विश्वास ठेवणं मात्र बंद केलं, आणि ते तिने मला तोंडावर सांगितलं. "राग नाही ताई, पण आता नमुन्यातली प्रत्येक नोंद दोन माणसं बघणार. तुम्ही आणि मी. आणि तुमचं उत्तर मला आधी दिसणार नाही, माझं तुम्हाला." मी म्हटलं, "बरोबर आहे." महिन्यातून काही वेळा आमची उत्तरं जुळत नाहीत. मग आम्ही दोघी मजकूर समोर ठेवून बसतो. कधी ती बरोबर असते, कधी मी. मागच्या आठवड्यात एका पट्टीवरून अर्धा तास वाद झाला. माझा आवाज चढला, इतका की विक्रीवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कशावरून तरी आवाज चढावा असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. पट्टीच्या कारखान्याला आम्ही पत्र पाठवलंय, उत्तर अजून आलेलं नाही.